आक्काचं पोलकं मी पक्कं केलं

चहा घ्या, आणि ऐकून झाल्यावर माझ्या एम.ए.बद्दल काही बोलायचं नाही, एवढं आधी कबूल करा. आता काय सांगू तुम्हाला, गाढवपणा तो गाढवपणाच!

निजामाचं राज्य नुकतंच गेलेलं. मी सेलूत मास्तर. घरी मी आणि माझी थोरली विधवा बहीण, गोदाक्का. तिने रंगनाथ शिंप्याकडे एक पोलकं शिवायला टाकलं. रंगनाथही विधुर.

तेव्हा शिंपी बाईच्या अंगाला टेप लावत नसे. मापाला जुनं पोलकं द्यायचं. नवं कुठं चुकलं, ते तोंडाने सांगायला जायचं. आक्का जायची. सैल आहे म्हणून त्याने बाजूच्या शिवणी आत घेतल्या. मग दम कोंडला, म्हणून त्याच उसवून बाहेर काढल्या. काखेतला मुंढा काचला, तो खोलला, तर बाही उतरू लागली! शिवणीत बोटभर जादा कापड दाबलेलं, म्हणून हा खेळ चालायचा.

“आक्का, हा शिंपी आहे की वैरी?”

“लय चांगला माणूस हाय रे.”

“आणि पोलकं?”

“ते जरा काचायलंय अजून.”

माझं डोकं फिरलं. अन्याय म्हणजे अन्याय! तडक पोलकं घेऊन परभणी गाठली. तिथला शिंपी म्हणाला, “साहेब, बेस तर हाय की!” पण ऐकतो कोण? “पक्कं करा. पुन्हा कुणाचा हात लागायला नको.” त्याने दुहेरी टीप मारली आणि आतलं कापड कचाकचा कापून टाकलं.

आक्काने घातलं. झकास बसलं. मग शिवणीवरून बोट फिरवलं आणि कड उलटून आत पाहिलं.

“आतलं कापड कुठाय?”

“कापलं! कटकट मिटली.”

“अरे शहाण्या, ते पयल्याच दिवशी नीट बसलं होतं!”

आत्ता कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी आधी दार लावून घेतलं. “आक्का, लोक काय म्हणतील?”

“म्हणायलेतच की. म्हणू दे! उसवायला तू काही ठेवलं न्हाईस, आता सरळच बोलते.”

तेच पोलकं घालून ती भर बाजारातून निघाली. मागून मी, ऊन नसताना छत्री उघडून.

“रंगनाथराव, पोलकं बसलं. आता यायला कारण उरलं न्हाई. लग्न करता का?”

मशीनचं चाक थांबलं. समोरचा वाणी तागडी धरून बघत राहिला.

“करतो की,” रंगनाथ म्हणाला. “पण बाई, ही टीप कुणी मारली? लय वाकडी हाय.”

लग्नाला गल्लीतलं कुणी फिरकलं नाही. न का फिरकेना! लाडू आम्हीच संपवले. आणि काही म्हणा, हे लग्न माझ्यामुळेच जमलं. जमलं ना?

लग्नात रंगनाथने मला कोट शिवला. त्या लाडवांनी पोट सुटलं, म्हणून तो सैल करायला गेलो. त्याने अस्तर उलटून दाखवलं. शिवणीत सूतभरही कापड नव्हतं.

“मेव्हणे, तुमाला पक्कंच आवडतं ना?”

तो कोट अजून आहे. बटण आजवर लागलेलं नाही.