भासऱ्यांचा फोन आणि जुना पासवर्ड

हिंगणघाटला आमचा कापसाचा व्यापार. वर घर, खाली ऑफिस. सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, कॉम्प्युटर घेतला तेव्हा तो मीच चालवायला लागले. गिरण्यांशी ईमेलवरचं बोलणं, कापसाच्या नमुन्यांचे फोटो, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. पुढं मी राउटर बसवून घेतला, वायफाय सुरू केलं.

हे माझ्या भासऱ्यांना, नवऱ्याच्या मोठ्या भावाला, कधी मानवलं नाही. एकदा दोन अडते बसले असताना ते म्हणाले, "घरच्या सुनेनं हापिसात बसणं शोभत नाई. लोक हासतात आमाले." अडते खाली बघत राहिले. मामाजींनी हिशेबाची वही पुढं ओढली. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर भासऱ्यांचा साळा बसलेला होता.

मी रडले नाही. वरच्या खोलीत माझा लॅपटॉप उघडला आणि दुसऱ्या एका जिनिंगवाल्याचे ईमेल लिहून द्यायचं काम धरलं. भासऱ्यांना ते कळलंच. एका सकाळी लॅपटॉप वायफायला जोडेना. बराच वेळ झटल्यावर मी यादीतून आमचं नेटवर्क काढून टाकलं आणि नव्यानं जोडायला गेले. त्यानं पासवर्ड विचारला. मी टाकला; चुकीचा निघाला. तेव्हा उलगडलं. भासऱ्यांनी माणूस बोलावून राउटरचा पासवर्ड बदलला होता. नाव तेच, कुलूप नवं. मला बाहेर ठेवण्यासाठीच.

मी लॅपटॉप मिटला आणि मनात म्हटलं, तुमचीही वेळ येईल.

ती त्याच दुपारी आली. भासऱ्यांनी नुकताच महागाचा टचस्क्रीन फोन घेतला होता. येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवायचे. खालून त्यांचा आवाज येऊ लागला, "अरे, हे काऊन लागून नाई राह्यलं?" साळ्यानं फोन बंद करून चालू केला, राउटर बंद करून चालू केला. फोन 'कनेक्ट होत आहे' म्हणायचा आणि पुन्हा सुटायचा. कॉम्प्युटर वायरीनं जोडलेला, म्हणून तो चालू. त्यामुळं दोष फोनचाच ठरला.

मला वरून सगळं कळत होतं. फोननं जुना पासवर्ड जपून ठेवला होता आणि तोच पुन्हा पुन्हा पुढं करत होता. नवा विचारतच नव्हता. मला बाहेर काढताना त्यांनी स्वतःचा फोनही बाहेर काढला होता. मी भाजी निवडत बसले. त्या दिवशीची मेथी मला फार गोड लागली.

दोन दिवस मी ऐकत राहिले. तिसऱ्या दिवशी साळा गावाला गेलेला, तेच अडते आलेले, आणि एका गिरणीनं फोटो पाठवून लगेच उत्तर मागितलेलं. भासऱ्यांना कॉम्प्युटर उघडता येत नव्हता. सिमवरच्या नेटनं फोटो उघडेना. शेवटी जिन्याखालून हाक आली, "जरा खाली येजो. फोन पाहून दे."

"मी हापिसात आलेलं शोभेल का, भाऊजी? लोक हासतील."

मग मामाजींचा आवाज आला, "ये बाई. म्या बोलावलं."

मी गेले. सगळ्यांच्या समोर फोन हातात घेतला, नेटवर्कच्या नावावर बोट दाबून धरलं, 'फर्गेट' केलं. "हे काय पुसून टाकलं तू?" भासरे ओरडले.

"जुना पासवर्ड विसरायला लावला. आता नवा सांगा."

यादीतून तेच नाव मी पुन्हा निवडलं. फोननं पासवर्ड मागितला. भासरे माझ्या कानाशी येऊन काहीतरी पुटपुटले.

"ऐकू नाही आलं. मोठ्यानं सांगा, एक अक्षर चुकलं तरी लागणार नाही."

ते लालबुंद झाले. "मालक मीच," म्हणाले.

"जोडून का तोडून? पहिलं अक्षर मोठं का लहान?"

"जोडून. मालकमीच. सगळं लहान."

मी एकेक इंग्रजी अक्षर मोठ्यानं म्हणत टाइप केलं. मला काही घाई नव्हती. फोन लागला. एक अडत्या खोकला, पण ते खोकणं नव्हतं.

मामाजी खुर्चीतून भासऱ्यांकडं बघत होते. "मालक तू काय? मंग मी कोन हाओ?" मामाजींनी माझ्याकडं वळून विचारलं, "हे टेबल तुले पाह्यजे काय?"

"पाहिजे," मी म्हटलं. "आणि उद्यापासून नाही, आत्तापासून."

भासरे फोन घेऊन बाहेर ओट्यावर गेले. मी बसले आणि गिरणीला उत्तर लिहिलं. पासवर्ड मात्र मी बदलला नाही, बदलू दिला नाही. पुढं कित्येक महिने कोणी नवा माणूस फोन जोडायला आला, की मी भासऱ्यांकडं बोट दाखवायचे, "भाऊजींना विचारा, त्यांनीच ठेवलाय." आणि दरवेळी त्यांना तो मोठ्यानं सांगावा लागायचा.