बोलणं झाल्याप्रमाणे

ईश्वरकाकांचं डोकं फिरायला साधा एक शब्द पुरायचा, आणि तो शब्द म्हणजे ‘मीटिंग’. शिरूरजवळच्या ज्या कारखान्यात ते बावीस वर्षं आहेत, तिथं मोटारींच्या आरशांची प्लॅस्टिकची कव्हरं बनतात. काका लोडिंगला हमाल म्हणून लागले आणि खोकी उचलता उचलता डिस्पॅचचे सुपरवायझर झाले. कुठला ट्रक कधी भरायचा, कुठं पाठवायचा, सगळं तोंडपाठ. तळेगाव ढमढेऱ्यातून कंपनीच्या बसनं सकाळी आले की गेटवरच्या वॉचमनलासुद्धा दिवसभराचं शेड्युल ऐकवून सोडायचे.

अशा माणसाला गेल्या महिन्यात वॉर्निंग लेटर मिळालं. बावीस वर्षांत पहिलं.

त्याचं असं झालं. प्रॉडक्शनचे मॅनेजर विश्वजीत सर, दौंडचे, वय तीस-बत्तीस, लॅपटॉप बगलेत धरून पळत असणारे. त्यांनी एका गुरुवारी फोन केला, “काका, चाकणची गाडी आज थांबवा. हीच गाडी नाशिकला लावा, त्यांचा माल अर्जंट आहे.” काका म्हणाले, “साहेब, चाकणला आजची तारीख दिलीय.” “अहो मी बोलतो ना त्यांच्याशी!” काकांनी गाडी थांबवली. साहेब काही बोलले नाहीत चाकणशी, आणि दुसऱ्या दिवशी मालाअभावी तिथल्या मोटार कंपनीची लाइन बंद पडली. सोमवारी आढावा मीटिंग. विश्वजीत सरांना तो फोनच आठवेना. काका तिथं बसून नुसते “अहो पण साहेब, अहो पण साहेब” करत राहिले, आणि संध्याकाळी मीटिंगचे मिनिट्स, म्हणजे काय बोलणं झालं त्याची नोंद, आले तर त्यात एकच ओळ: डिस्पॅचला उशीर, जबाबदार ईश्वर.

ते मिनिट्स लिहिणारी रश्मी, ऑफिसातली असिस्टंट. काका तिच्यावरच उखडले. “पोरी, खोटं लिवलंस!”

“काका, मी बोललं गेलं तेच लिहिते. चुकीचं वाटलं तर मेल करा ना. मी तो सगळ्यांना पाठवते.”

“मी तुला आत्ता तोंडावर सांगतोय की!”

“तोंडावरचं कुठं चिकटवू?” रश्मी म्हणाली. वाईट तिलाही वाटत होतं. लेटरवर स्पष्ट लिहिलं होतं की दुसरं लेटर मिळालं तर डिस्पॅचचं काम काढून घेऊन काकांना परत लोडिंगला टाकतील. पन्नाशी उलटलेल्या माणसानं पुन्हा खोकी उचलायची, तीही ज्या पोरांना त्यानंच शिकवलं त्यांच्या हाताखाली.

मग रश्मीनंच मनावर घेतलं. जुन्या गेटपासच्या पाठकोऱ्या कागदांची एक वही शिवली आणि एकेका प्रसंगाला एकेक पान दिलं. जेवणाच्या सुट्टीत काका तिच्यासमोर बसायचे, चष्मा नाकावर, चेहरा आंबट.

पहिलं पान, ‘मीटिंगचं बोलावणं आलं तर’. अ‍ॅक्सेप्ट म्हणजे येतो, डिक्लाइन म्हणजे येत नाही, टेंटेटिव्ह म्हणजे नक्की नाही. “म्हंजी बघू,” काका म्हणाले. “आमच्याकडं सगळा गाव टेंटेटिव्हच हाय.” दुसरं पान, ‘तारीख बदलली तर’. पोस्टपोन म्हणजे नंतर, प्रिपोन म्हणजे आधी, रिशेड्युल म्हणजे नव्यानं ठरवणं. तिसरं, ‘मेल कुणाला’. ज्यानं काम करायचं त्याचं नाव ‘टू’मध्ये, ज्याच्या कानावर असावं त्याचं ‘सीसी’मध्ये. चौथं पान, ‘उत्तर आलं नाही तर’. तिथं लिहिलं होतं, जेंटल रिमाइंडर.

“जेंटल म्हंजी?”

“सौम्य. प्रेमानं आठवण.”

“डोंबलाचं प्रेम! तीनदा इचारून उत्तर न्हाई, आन् वर प्रेमानं आठवण?”

“काका, लिहायचं तसंच. आतून काय वाटतं ते आत ठेवायचं.”

पाचवं पान रश्मीनं लाल पेनानं लिहिलं, ‘फोनवर बोलणं झालं तर’. त्यात एकच ओळ. अ‍ॅज डिस्कस्ड, म्हणजे बोलणं झाल्याप्रमाणे, तुम्ही अमुक वाजता अमुक सांगितलंत, प्लीज कन्फर्म. फोन ठेवला की पाच मिनिटांत हा मेल गेलाच पाहिजे.

काकांना ते पान बिलकूल आवडलं नाही. माणसानं बोललेलं त्यालाच परत लिहून पाठवायचं? हे तर तोंडावर खोटारडा म्हटल्यासारखंच झालं. घरी म्हाळसाकाकूंना त्यांनी सांगितलं, तर काकू भाजी निवडताना म्हणाल्या, “मंग लोडिंगला जावा. तिथं कुणी मेल मागत न्हाई.” काका तणतणत अंगणात निघून गेले.

आणि बरोबर तीन आठवड्यांनी, पुन्हा गुरुवारीच, पावणेबाराला फोन. “काका, चाकणची गाडी थांबवा. नाशिकचं प्रेशर आहे, तिकडं लावा.”

“चाकणला दोनला सुटायची हाय, साहेब.”

“मी बघतो. तुम्ही थांबवा फक्त.”

काकांनी फोन ठेवला. वही उघडून त्यांनी एका बोटानं अक्षरं शोधत मेल लिहिला: बोलणं झाल्याप्रमाणे, आज ११.४५ वाजता फोनवर तुम्ही चाकणची दोनची गाडी थांबवून नाशिकला लावायला सांगितली. चाकणला कळवणार तुम्ही. प्लीज कन्फर्म. ‘टू’मध्ये विश्वजीत सर, ‘सीसी’मध्ये मोठे साहेब, म्हणजे कारखान्याचे प्रमुख. डोळे मिटले आणि पाठवून दिला.

चार मिनिटांत विश्वजीत सर जिना उतरून डिस्पॅचमध्ये. “काका, हे काय? साहेबांना कशाला कॉपी? आपलं बोलणं झालं होतं ना!”

“त्येच लिवलंय. बोलणं झाल्याप्रमाणे.”

“माझ्यावर विश्वास नाही तुमचा?”

आता मात्र काकांचा बांध फुटला. “इश्वास व्हता म्हणून तर मागच्या टायमाला गाडी थांबवली! पत्र कुणाला आलं? मला. आता आलं तर खोकी कोण उचलणार? मी. तुमी लॅपटॉप घिऊन वर जाणार. मला राग काढायचा न्हाई साहेब, मला उत्तर पायजे. व्हय म्हना नायतर न्हाई म्हना, पन मेलवर म्हना.”

माल भरणारी पोरं काम सोडून बघत राहिली. विश्वजीत सर लाल झाले, तिथंच एका खोक्यावर टेकले आणि मोबाइलवर टाइप केलं: गाडी मूळ शेड्युलप्रमाणे सोडा. चाकणची गाडी दोन वाजता गेटबाहेर पडली. नाशिकसाठी सरांनी दुसरी गाडी तासाभरात मागवलीही. म्हणजे मिळत होती की! मागच्या वेळीही मिळालीच असती.

सोमवारच्या मीटिंगमध्ये मोठे साहेब खुशीत होते. म्हणाले, ईश्वरकाकांचा मेल नमुना म्हणून सगळ्यांनी ठेवा, यापुढं शेड्युलमधला प्रत्येक बदल असाच लेखी. टेबलाभोवती माना हलल्या. काकांना वाटलं, हीच वेळ.

“साहेब, मागचं पत्र तेवढं मागं घ्या. तवाबी असंच झालं व्हतं.”

“त्या वेळचं काही लेखी आहे?” साहेबांनी विचारलं.

“न्हाई. पन विश्वजीत सर हितंच बसल्यात. त्यांना इचारा.”

साहेबांनी विश्वजीत सरांकडं पाहिलं. सरांनी लॅपटॉपचा पडदा थोडा वर केला, थोडा खाली केला. साहेब म्हणाले, “ठीक आहे, पुढचा मुद्दा.”

रश्मी काकांच्या शेजारीच बसली होती. तिचा पेन कागदावर अडला. हळूच तिनं विचारलं, “काका, हे मिनिट्समध्ये काय लिहू?”

“जे झालं त्येच लिव,” काका म्हणाले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले. “ईश्वरनं इचारलं. विश्वजीत सर हजर व्हते. बोलले न्हाईत.”