सावडीची किडनी

लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर मला कळलं की आमचं रक्त जुळत नाही. पत्रिका जुळली होती आणि देण्याघेण्याचंही जुळलं होतं, पण रक्ताचा गट विचारायचं कुणाला सुचलं असणार? यांचा गट ए, माझा बी. पुण्याच्या डॉक्टरांनी कागदावर दोन गोल काढून समजावलं. माझी किडनी यांना बसवली, तर यांच्या रक्तातच माझ्या गटाविरुद्ध जे तयार आहे ते तिच्यावर तुटून पडेल आणि ती टेबलावरच काळी पडेल. मी म्हटलं, "म्हणजे सासरच्या माणसांसारखं." डॉक्टर हसले नाहीत. त्यांना सासर नसावं.

आम्ही कोऱ्हाळे बुद्रुकचे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते आणि हे कारखान्यात ऊसतोडीच्या चिठ्ठ्या द्यायचे. नव्वद सालानंतरची ती वर्षं. यांच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या, म्हणून आठवड्यातून दोनदा डायलिसिसला पुण्याला जावं लागे. यांचे आईवडील आधीच गेलेले आणि एकुलता भाऊ साखरेच्या आजारानं पोखरलेला, म्हणून दाता म्हटला तर मी एकटीच. आणि ती मीच उपयोगाची नाही, याचा मला इतका राग आला होता की मी वर्गात मुलांवर उगाच खेकसायचे.

"दुसरा काही मार्ग?" मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, जपानमध्ये गट न जुळताही करतात. आधी रोग्याच्या रक्तातलं ते विरोधी द्रव्य यंत्रानं काढून टाकतात, प्लीहा कापतात आणि मग जबर औषधं देतात. इथे ते कुणी करत नाही, आणि मी तुमच्यावर प्रयोग करणार नाही. माणूस स्पष्ट बोलणारा होता. त्यामुळेच मला तो कधी आवडायचा आणि कधी नाही.

डायलिसिसच्या बाहेरच्या बाकावर एक बाई असायची. भिगवणजवळच्या वाडीची. नवरा मागंच गेलेला. सासऱ्यांच्या काळात घरात मेंढरं होती, आता ती हायवेवरच्या खानावळीत भाकऱ्या थापायची. एकुलता मुलगा, बावीस-तेवीस वर्षांचा, आतल्या खोलीत यांच्याच शेजारच्या मशीनवर. मी तिला मावशी म्हणायचे आणि ती मला बाई. बोलता बोलता तिनं सांगितलं, "माजी द्याया गेले तर डाक्टर म्हनला गट न्हाय बसत. माजा ए हाय आन् पोराचा बी."

मी हातातला डबा खाली ठेवला. माझा बी आणि यांचा ए. हे काही अवघड गणित नव्हतं, चौथीतल्या पोरालाही सुटलं असतं. मावशीला तर ते माझ्याआधी सुटलं. "मग बाई, सावड करू की. माजी तुमच्या मालकांस्नी, तुमची माज्या पोराला," ती म्हणाली.

सावड म्हणजे आमच्याकडे काय, ते शहरातल्या माणसाला सांगावं लागतं. माझ्याकडे एक बैल आणि तुमच्याकडे एक, मग दोघांची जोडी करून आधी तुमचं रान नांगरायचं, मग माझं. खुरपणीलाही तसंच, आज सगळ्या बायका तुमच्या रानात आणि उद्या माझ्या. कुणी लिहून ठेवत नाही आणि कुणी बुडवत नाही.

डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी आधी कागदावर चार गोल काढून बघितले. परदेशात असं झालंय, म्हणाले. पण इथला कायदा नवा होता. रक्ताचं जवळचं नातं किंवा नवरा-बायको सोडून दुसऱ्या कुणाची किडनी घ्यायची, तर सरकारी समितीची परवानगी लागे. समितीनं आम्हा चौघांना वेगवेगळं बसवून विचारलं. कुणावर जबरदस्ती आहे का, कुणाचे पैसे आहेत का, ऑपरेशनमध्ये काय धोका आहे ते कळलंय का. असलं प्रकरण त्यांच्याही पुढे पहिल्यांदाच आलं होतं. त्यांनी खळखळ केली, पण शेवटी परवानगी दिली. दोन्ही ऑपरेशनं मिळून एकच परवानगी.

मग पहिला खटका उडाला. मावशी म्हणाली, "बाईंच्या मालकांचं आदी करा. त्ये जास्त थकल्यात. आमचं मागनं हुईल." सावडीत असंच असतं, ज्याचं रान जास्त अडलंय त्याचं आधी. डॉक्टर म्हणाले, नाही. एकाच सकाळी, शेजारच्या दोन थिएटरांत, दोघींना एकाच वेळी भूल.

यांना ते फार लागलं. "आमच्या शब्दावर इस्वास न्हाय व्हय?" हे म्हणाले. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, "भूल देईपर्यंत कुणालाही 'नको' म्हणायचा हक्क आहे. एकीची काढून झाली आणि मग दुसरी नको म्हणाली, तर मी तिला बांधून आणणार नाही. मग ज्याचं राहिलं त्यानं कुणाकडे बघायचं?" हे घरी येईपर्यंत फुगून बसले होते. मला मात्र डॉक्टरांचं पटलं होतं. बैल परत मागता येतो.

तारीख ठरली. आमच्याकडे नातेवाइकांची रीघ लागली. जो तो माझ्याकडे असं बघायचा की जणू मी सती चालले होते. मी चिडून सगळ्यांना चहा करायला लावायचे.

शेवटची तपासणी ऑपरेशनच्या तोंडावर होती. नुसता गट जुळून भागत नाही. घेणाऱ्याचं रक्त आणि देणाऱ्याच्या पेशी एकत्र करून बघतात. पेशी जगल्या तर ठीक, मेल्या तर किडनीही मरणार. दोन महिन्यांपूर्वी ही तपासणी केली होती तेव्हा दोन्ही जोड्या चांगल्या निघाल्या होत्या. या वेळी मावशीच्या पेशी यांच्या रक्तात जगल्या. माझ्या पेशी मुलाच्या रक्तात मेल्या.

डॉक्टरांनी मावशीला आत बोलावलं, आणि मीही गेले. "मध्ये मुलाला रक्त दिलं का?"

मावशी सहज म्हणाली, "व्हय की. बारामतीला नेऊन दोन बाटल्या चढवल्या. भावकीतली पोरं आली हुती रगत द्याया."

'मला न विचारता रक्त द्यायचं नाही,' हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. परक्याचं रक्त अंगात गेलं की शरीर कधी कधी परक्या पेशी ओळखायला शिकतं आणि त्यांच्याविरुद्ध शस्त्रं तयार ठेवतं. त्या बाटल्यांमधलं काहीतरी माझ्यातही होतं. मुलाचं शरीर आता मला ओळखत होतं, शत्रू म्हणून.

"का चढवलं, मावशी?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "पोरगं पांढरं फटक पडलं हुतं, बाई. दुसऱ्याच्या रानात बैल न्ह्यायचा तर खाऊ घालून न्ह्यावा. तुमी येवढं काडून देनार, आन् ह्याच्या अंगात त्ये धराया ताकद नसंल तर? तुमचं वाया गेलं असतं."

माझं वाया जाऊ नये म्हणून. मला भांडायचं होतं, तोंडापर्यंत शब्द आले होते, आणि त्या एका वाक्यानं ते सगळे परत गेले. हातातोंडाशी आलेला घास गेला, आणि राग कुणावर काढावा तेही हातात राहिलं नाही.

मग मावशी डॉक्टरांना म्हणाली, "आमचं बिघडलं. पर यांचं जमतंय न्हवं? मग माजी काडा. येकाचं रान चिखलात ग्येलं म्हनून दुसऱ्याची पेरनी थांबवत्यात व्हय?"

डॉक्टर म्हणाले, परवानगी दोघांची मिळून आहे, एकाची नाही. मुलाला काही मिळत नसताना आईची काढणं मला जमणार नाही. आपण थांबू. शस्त्रं कधी कधी आपोआप बोथट होतात. दर महिन्याला तपासू.

डॉक्टर बरोबर होते. पण मला तेव्हा वाटत होतं की त्यांनी हो म्हणावं. मला यांचा जीव हवा होता, दुसरं काही नको होतं, आणि तसं वाटण्याची मला आजही लाज वाटत नाही.

दर महिन्याला माझ्या पेशी मेल्या. चौथ्या वेळी निकाल आला तेव्हा मुलगा स्वतःच मला म्हणाला, "बाई, तुमी शाळा बुडवून कितीदा येताय. ऱ्हाऊ द्या." थंडीत एकदा त्याच्या छातीत पाणी भरलं आणि भिगवणहून पुण्याला नेताना गाडीतच तो गेला.

आम्ही त्यांच्या वाडीला भेटायला गेलो. मावशी रडत नव्हती. तिनं यांना विचारलं, "जेवान जातंय का?" तिच्या दारात बसून हे मात्र लहान पोरासारखे रडले.

महिना-दीड महिन्यानं ती आमच्या घरी आली, निमगाव केतकीच्या बाजारातून घेतलेली बोरं घेऊन. बसली आणि म्हणाली, "आता माजी घ्या." हे म्हणाले, नको. ती म्हणाली, "माज्या पोराला उपेगी पडली न्हाय. ती मातीत न्ह्यायची हाय व्हय?" हे दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मीच डॉक्टरांना फोन लावला.

आता ती आमची कुणीच नव्हती, म्हणून प्रकरण पुन्हा समितीपुढे. मावशीला आत बराच वेळ ठेवलं. मग मला बोलावलं. टेबलामागे चार जण होते. त्यातल्या एकांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "तुम्ही शिक्षिका. त्या खानावळीत कामाला. त्यांचं तुमच्याशी नातं नाही. त्या म्हणतात की तुमचं देणं लागतात. तुम्ही त्यांना काय दिलं?"

तिथे एकच उत्तर चालतं, आणि ते खरंही होतं.

"काही नाही," मी म्हटलं.

त्यांनी लिहून घेतलं. पुत्रशोकात असलेल्या बाईची संमती मोकळ्या मनाची मानता येत नाही, असं सांगून त्यांनी अर्ज नाकारला. वर्षानं पुन्हा या, म्हणाले. त्यांचंही चुकलं असं मला म्हणवत नाही. त्यांच्यापुढे रोज पैशांनी विकत घेतलेली नाती येत असणार. पण यांच्याकडे वर्ष नव्हतं. त्याच उन्हाळ्यात हे गेले.

समितीनं नाकारलं त्या दिवशी मी बाहेर आले तेव्हा मावशी पायरीवर बसली होती. निकाल तिला कळला होता. माझ्यासाठी शेजारी जागा करत तिनं विचारलं, "तुमाला काय इचारलं?"

"मी तुमाला काय दिलं, म्हणून."

"मग?"

"काय न्हाय, म्हणलं."

ती माझ्याकडे वळली. इतक्या महिन्यांत ती माझ्यावर पहिल्यांदाच चिडली होती. "आसं कसं सांगितलं बाई? माज्या पोरासाटी पोट फाडाया निघाला हुता की तुमी."