एकोणसाठ अंशांचा काटकोन

माझ्या नवऱ्याचा माणसांवर विश्वास कमी आणि मापावर जास्त. लग्नानंतर थेरगावात भाड्याच्या घरात पहिलं फडताळ लावलं, तेव्हा सुतार पैसे घेऊन जिन्यापर्यंत पोचला नसेल, तोवर यांनी लेव्हल लावून त्याला परत वर बोलावलं होतं. सुतार म्हणाला, डोळ्याला तर सरळच दिसतंय. हे म्हणाले, "डोळ्याला नका विचारू." मला त्या दिवशी माणूस जरा तिरसट वाटला होता. पुढे सवय झाली.

ते महाळुंग्याच्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला होते. गाड्यांचे सुटे भाग मशीनवरून उतरले की मोजायचे, बरोबर असला तर पुढे पाठवायचा, नसला तर लाल पेटीत. बारा-तेरा वर्षं हेच, त्यातली बरीचशी रात्रपाळीत. कंपनीत एक मोजणीची खोलीही होती, काचेची, थंडगार, मोठ्या मशीनची. तिथे कायम दिवसपाळी. पण तिथे बसायला डिप्लोमा लागायचा, आणि यांचा डिप्लोमा एका गणिताच्या पेपरात अडकला होता. दोनदा बसून झालं होतं, दोनदा नापास. त्या वर्षी खोलीतला एक माणूस निवृत्त होणार होता आणि साहेबांनी सांगून ठेवलं होतं, या वेळी पास झालास तर जागा तुझी, नाहीतर नवीन पोरगा घेतो.

गंमत म्हणजे मी गणित शिकवते. डांगे चौकाजवळच्या एका खासगी क्लासमध्ये, अकरावी-बारावीला. दुसऱ्यांच्या मुलांना पास करणाऱ्या बाईचा नवरा गणितात नापास, यावर नातेवाइकांनी जेवढे विनोद करायचे तेवढे करून घेतले. पण पहिल्या दोन वेळी यांनी मला पुस्तकाला हात लावू दिला नव्हता. बायकोकडून शिकायचं म्हणजे काय, असं असावं. तिसऱ्या वेळी मात्र स्वतःच वही घेऊन समोर बसले आणि म्हणाले, "मॅडम, घ्या शिकवायला."

रात्रपाळीहून सकाळी कंपनीच्या बसने यायचं, अंघोळ, पोहे, आणि मग तासभर गणित. माझा क्लास दुपारी, त्यामुळे जमायचं. विद्यार्थी म्हणून ते वाईट नव्हते. डेरिव्हेटिव्ह काढायला चुकत नसत, हात स्वच्छ होता. एवढं येत असून हा माणूस नापास कसा होतो, हे मला कळत नव्हतं. मग दोन वक्रांमधल्या कोनाचा धडा आला.

धडा तसा सोपा आहे. दोन वक्र रेषा एकमेकींना छेदतात. कोणत्या कोनात, ते काढायचं. वाकड्या रेषांमधला कोन थेट मोजता येत नाही, म्हणून आधी दोघींचा सामाईक बिंदू शोधायचा. त्या बिंदूवर प्रत्येक वक्राला स्पर्शिका असते, म्हणजे त्या जागी वक्र ज्या दिशेने चाललाय त्या दिशेची सरळ रेघ. दोन्ही स्पर्शिकांचे चढ काढायचे. त्या दोन रेघांमधला कोन तोच वक्रांमधला कोन. चढ सूत्रात घातले की कोनाचा टॅन मिळतो.

मी उदाहरण दिलं: एक वक्र x गुणिले y बरोबर दोन, दुसरा x वर्ग वजा y वर्ग बरोबर तीन. पहिल्या चरणात ते जिथे भेटतात तो बिंदू दोन, एक. यांनी तो बरोबर काढला. चढही बरोबर काढले. पहिल्याचा वजा एक छेद दोन, दुसऱ्याचा दोन. मग सूत्रात घातले आणि थांबले.

"खाली शून्य येतंय," म्हणाले.

"येऊ द्या. चढांचा गुणाकार वजा एक आला की सूत्रात खाली शून्यच येतं. याचा अर्थ काटकोन."

"शून्यानं भागता येत नाही, हे तूच शिकवतीस ना पोरांना?"

"म्हणूनच भागायचं नाही. काटकोनाला टॅन नसतो. गुणाकार वजा एक, म्हणजे रेघा एकमेकींना लंब. संपलं."

त्यांनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. मी भाजी चिरायला उठले. अर्ध्या तासाने बघते तर हे आलेखाच्या कागदावर दोन्ही वक्र आखून बसलेले. पेन्सिल टोकदार, बिंदू दाट, रेषा अशी सुरेख की माझ्या क्लासच्या भिंतीवर लावावी. दोन, एक या बिंदूवर स्टीलची पट्टी अलगद टेकवून दोन्ही स्पर्शिका काढलेल्या, आणि वर त्यांच्या कपाटातला कोनमापक ठेवलेला. कंपनीच्या पेटीतल्यासारखाच, स्वतःच्या पैशाने घेतलेला.

"एकोणसाठ," ते म्हणाले. "काटकोन न्हाई हे. बघ तूच."

मी बघितलं. खरंच नव्हता. दोन रेघा कात्रीसारख्या तिरक्या उघडलेल्या. पहिल्यांदा मला वाटलं, यांनी आखताना घोळ केला. बिंदू तपासले, एकही चुकला नव्हता. पट्टी पुन्हा टेकवून बघितली, तीच रेघ. मग मी चिडले. उत्तर बरोबर आहे, मी सांगते ना, असं म्हणाले. शिक्षकाने हे वाक्य कधी म्हणू नये, आणि नवऱ्याला तर नाहीच. ते शांतपणे म्हणाले, "तू सांगतीस. माप वेगळं सांगतंय. मी कोणाचं धरू?"

मला राग आला होता, आणि त्याहून जास्त अपमान वाटला होता. पंधरा वर्षं शिकवते मी. त्या दिवशी आम्ही एकमेकांशी फक्त मीठ आणि पाण्यापुरतं बोललो.

दुसऱ्या सकाळी तो कागद टेबलावर तसाच होता. चहा पिता पिता मी अक्षांवरचे आकडे वाचले आणि माझा कप तिथेच थांबला. आडव्या अक्षावर एकाला दोन सेंटिमीटर घेतले होते. उभ्या अक्षावर एकाला एक.

ते बसमधून उतरून घरात आले, बूट काढायच्या आतच मी विचारलं, "आडवं आणि उभं प्रमाण वेगळं का घेतलंत?"

"सारखं घ्यायचं असतं व्हय?" त्यांना खरोखर आश्चर्य वाटलं. "आमच्या चार्टवर कधीच सारखं नसतं. आडवं तास, उभं मायक्रॉन. कागद भरंल असं घ्यायचं. कागद भरला न्हाई तर साहेब ओरडतो."

तेव्हा मला सगळं दिसलं. बारा वर्षं हा माणूस रोज असा आलेख काढत होता, ज्यात एका बाजूला वेळ आणि दुसऱ्या बाजूला मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यात कोनाला काही अर्थच नसतो, रेषा वर गेली की खाली आली एवढंच बघायचं. हातालाच वळण पडलेलं होतं.

मी त्यांना बुटांसकट खुर्चीत बसवलं. म्हटलं, आडवा कागद दुप्पट ताणलाय तुम्ही. त्यामुळे दोनचा चढ तुमच्या कागदावर एक झाला, आणि वजा अर्ध्याचा वजा पाव. एकचा चढ म्हणजे रेघ पंचेचाळीस अंश वर. वजा पाव म्हणजे चौदा अंश खाली. मिळवा.

त्यांनी मनातच मिळवले. "एकोणसाठ."

"तुमचं माप अचूक आहे. कागद ताणलेला आहे."

त्यांनी बूट काढले, हात धुतले, नवा कागद घेतला. दोन्ही अक्षांना एकाला दोन सेंटिमीटर. पुन्हा तेच वक्र, पुन्हा तीच पट्टी. आता कोनमापक काढलाच नाही. त्यांच्या कपाटातला सुताराचा गुण्या, काटकोन तपासायचा, तो आणला, कोपरा बिंदूवर ठेवला. दोन्ही रेघा त्याच्या दोन्ही कडांना चिकटून गेल्या. बराच वेळ ते तो गुण्या हलवत नव्हते. मला वाटलं, आता हसतील, निदान मला बरोबर म्हणतील. ते उठून झोपायला गेले. मी मनात म्हटलं, जाऊ दे, झोप आली असेल.

परीक्षेला आलेखाचा कागद मिळत नव्हता. पेपर देऊन आले तेव्हा मी दारातच विचारलं, तर म्हणाले, "कोनाचा आला होता. खाली शून्य आलं."

"मग?"

"मग काटकोन लिहिलं. मागच्या पानावर हातानं आखून बघितलं, वाकडंच दिसलं. पण हातानं आखलेल्याला कसलं आलंय प्रमाण. ऱ्हाऊ दिलं."

निकाल लागला आणि ते पास झाले. काठावर नाही, चांगले. साहेबांना सांगायला ते कंपनीत गेले होते, तिथल्या कॅन्टीनमधून फोन करून एवढंच सांगितलं आणि जेवायचं काय आहे ते विचारलं. मला एवढा आनंद झाला की क्लासमध्ये त्या दिवशी मी गृहपाठ दिला नाही. पोरांना कारण कळलं नाही, पण त्यांनी विचारलंही नाही.

संध्याकाळी मी परतले तर हे टेबलाशी बसलेले. रात्रपाळीची सुट्टी घेतली होती. खोलीची जागा पक्की झाल्याचं सांगितलं, पुढच्या महिन्यापासून दिवसपाळी. मी चहा ठेवला. मी म्हटलं, इतकं येत होतं तर आधीच्या वेळी काय झालं होतं, पेपर अवघड होता का?

"न्हाई. मागच्या वेळी बी कोनाचाच होता," ते म्हणाले. "तवाबी खाली शून्य आलं होतं. काटकोन लिहिला होता मी."

"मग?"

"सगळं सोडवून झालं होतं, वेळ उरला होता. म्हणलं, तपासून बघू. पट्टीनं चौकोन पाडून आखलं. आडवं मोठं, उभं बारीक. खोडलं. त्याच्या जागी बावन्न का कितीतरी लिहिलं."

मागच्या वेळी ते किती थोड्या मार्कांनी नापास झाले होते हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. त्यानंतरच्या रात्रपाळ्या आम्ही दोघांनी काढल्या होत्या, ते कंपनीत आणि मी या घरात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या नाही आलं.

"चांगला पीस होता," ते म्हणाले. "मीच लाल पेटीत टाकला."

मी चहा गाळला आणि कप त्यांच्यासमोर ठेवला.