उत्तर टाकण्याआधी तवा

आरे-वारेच्या रस्त्यावर वासंतीताई पटवर्धन छोटं लॉज चालवतात. आवाज खणखणीत आणि राग नाकावर. एकदा एका पाहुणीने गूगलवर दोनच स्टार दिले: ‘खोलीत पहाटेपासून गोंगाट. नाश्त्याला पाऊण तास.’

‘‘लिही,’’ ताई सुनेला म्हणाल्या, ‘‘घाई असेल तर घरीच खावं!’’

‘‘आई, हे सगळे वाचतात,’’ अवनी म्हणाली. ‘‘आणि गोंगाट तुमचाच. त्याच खोलीच्या खिडकीखाली मासेवालीशी घासाघीस करता ना!’’

ताई खो खो हसत सुटल्या. त्यांनी नवं उत्तर सांगितलं:

‘तुमची झोप मोडली, नाश्त्यालाही ताटकळावं लागलं, त्याबद्दल मनापासून क्षमा मागते. मासळी आता मागच्या दारी घेतो. घावणे एकाच तव्यावर होत होते, आता दोन तवे आहेत. नाश्त्याला काय हवं ते आदल्या संध्याकाळीच विचारू. स्पष्ट सांगितलंत, आभारी आहे. – वासंती पटवर्धन’

‘‘टाकू?’’ अवनीने विचारलं.

‘‘थांब. आधी तवा आणते.’’ ताई तडक बाजारात गेल्या.

उत्तर संध्याकाळी गेलं. चार दिवसांनी पाहुणीने दोनाचे चार स्टार केले. शिवाय साताऱ्याहून एकाचा फोन आला: ‘‘तुमचं उत्तर वाचलं. दोन खोल्या मिळतील का?’’

‘‘मिळतील की!’’ ताई आनंदाने म्हणाल्या.