आठव्या आठवड्याची तपासणी

वजन उचलण्याच्या जिल्हा निवडीसाठी मला बारा आठवड्यांत ब्याऐंशी किलोंवरून पंचाहत्तरवर यायचं होतं. तालमीच्या वस्तादांनी भिंतीवर खडूनं लिहिलं: दर चौथ्या आठवड्याला वजन, कंबर आणि उचल तपासायची, उचल घसरली तर खुराक वाढवायचा.

आठव्या आठवड्यालाच मी पंचाहत्तर भरलो. कंबर मात्र चौथ्या आठवड्याइतकीच होती आणि उचल पंधरा किलोंनी घसरली होती. म्हणजे चरबी नव्हे, मांस चाललं होतं.

"वस्ताद, खुराक वाढवा. तुम्हीच लिवलंय की."

"काटा उतरलाय न्हवं? मग गप. दूध बी बंद कर."

निवडीत माझ्या तिन्ही उचली फसल्या. वस्ताद सगळ्यांदेखत हसले. "काय पावणं, वजन तरी बसलं की!"

तालमीच्या रिवाजाप्रमाणे मी त्या माणसाच्या पाया पडलो.