जिन्यावर उठलेलं पित्त

गिरण्यांचा संप लांबला आणि लालबागच्या आमच्या चाळीतल्या बायकांनी पोळपाट बाहेर काढले. मी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या पोळी-भाजी केंद्रात लागले. बाबा मिल बंद म्हणून घरी बसलेले, म्हणजे घर माझ्याच पगारावर.

तेव्हाच अंगावर पित्त उठायला लागलं. तव्यासमोर घाम फुटायच्या बेताला आधी सुया टोचायच्या, मग मानेवर, छातीवर, दंडांवर मोहरीएवढे फोड, भोवती लाल. खाज तर अशी की लाटणं फेकून द्यावं. तासाभरात पुन्हा अंग साफ. आईचं औषध ठरलेलं: कडुलिंबाचा पाला उकळून कढत पाण्याने आंघोळ. त्या आंघोळीने दुप्पट उठायचं. आई म्हणायची, "विख भायर येता गे, येवंदे." दुसऱ्या दिवशी पाणी आणखी कढत.

एका गिऱ्हाइकाने माझे दंड पाहिले. काकू फटकळ. म्हणाल्या, "हे दुसऱ्याला लागणारं असेल तर पोळ्यांना हात लावायचा नाही. आणि लागत नसेल तर डॉक्टरांनी ते माझ्यासमोर सांगायचं."

दोघी परळच्या हॉस्पिटलात गेलो. पंख्याखाली बसून माझ्या अंगावर एक ठिपका नाही. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच लबाडी केली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कधी उठतं?" तवा, आंघोळ, बसमागे धावणं, मी सांगितलं. त्या उठल्याच. "चला, जिना चढू. घाम येईपर्यंत. दम अडकला किंवा चक्कर आली की लगेच थांबायचं."

"मीपण?" काकू.

"तुम्हालाच बघायचंय ना?"

तिसऱ्या फेरीला काकू कठडा धरून बसल्या आणि माझ्या मानेवर फोड उठले. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "हेच हवं होतं. अंग तापलं, घाम यायला लागला की उठतं. दुसऱ्याला लागत नाही."

"पोळ्यांतून?" काकूंना धाप लागली होती.

"पोळ्यांतूनही नाही."

इतकं हलकं मला त्या वर्षात कधी वाटलं नव्हतं. रोज एक गोळी दिली. तिने झोप येते म्हणून रात्री घ्यायची. गोळीने हे मुळासकट जात नाही, आटोक्यात राहतं. कढत आंघोळ बंद. टोचायला लागलं की काम सोडून वाऱ्याला उभं राहायचं. आणि श्वास लागला, ओठ सुजले, तर वाट न बघता हॉस्पिटल.

त्याच दुपारी मी तव्यासमोर बसले आणि काही उठलं नाही. एकदा उठून गेलं की काही जणांना थोडे तास पुन्हा उठत नाही, हे हॉस्पिटलच्या पुढच्या खेपेला कळलं. काकूंनी मात्र तेवढ्यावर भरवसा ठेवला नाही. मला दाराशी लाटायला बसवलं आणि तवा स्वतः घेतला. "जिना चढवलास मला," त्या म्हणाल्या. "आता लाट."

आईने कडुलिंब सोडला नाही. पाला उकळायची आणि पाणी पार गार होईपर्यंत बादलीपाशी पहारा द्यायची.